सत्तर ठोक्यांची वीज

माझ्या एका आकड्यामुळे एक निर्दोष माणूस ठाण्याच्या तुरुंगात दोन वर्षे राहिला. तो आकडा चुकला होता हे मला निकालाच्या आधी तीन दिवस कळले होते. मी ते कोणाला सांगितले नाही. पुढे लिहितो ते एवढ्याचसाठी.

त्या काळी मी ठाणे स्टेशनात तारेच्या कामावर होतो. तारखोली फलाटाच्या उत्तर टोकाला होती आणि तिला एक मोठी खिडकी होती. त्या खिडकीतून रेल्वेचा बांध, त्यापलीकडे शेते, मग भरतीचे पाणी चढते ते खाजण, मग खाडीची चकाकणारी रेघ आणि सर्वात मागे डोंगर असे एकामागे एक दिसे. दुपारच्या उन्हात हे सगळे पाण्याखाली ठेवल्यासारखे हलायचे. मिठागरांतले मिठाचे ढीग जमिनीपासून सुटून हवेत उभे आहेत असे वाटायचे. मी तासन् तास ते पाहत बसे. गाड्यांच्या मधल्या वेळात तारखोलीत दुसरे काम नसे, आणि यंत्राची टिकटिक इतकी अंगवळणी पडली होती की ती थांबली म्हणजेच मला जाग येई.

वीज हा आमच्या कामाचा भाग होता. वादळ जवळ आले की तार यंत्रापासून सोडवून जमिनीला जोडायची, असा नियम. नाहीतर वीज तारेवरून आत येई आणि यंत्र जळे. माझ्या आधीच्या माणसाच्या हाताला तिची खूण होती. पण फार लवकर तार सोडवली तर गाड्यांचे निरोप अडत आणि वरून विचारणा येई. म्हणून वादळ किती लांब आहे हे मोजावे लागे. तीन मैलांच्या आत आले की तार सोडवायची, असे आमच्या देखरेख करणाऱ्या साहेबाने ठरवून दिले होते.

मोजायची रीत सोपी आहे. विजेचा उजेड डोळ्यांना तत्काळ पोचतो. तिचा आवाज मागून चालत येतो. उजेड आणि आवाज यांच्यात किती वेळ गेला ते मोजायचे, आणि आवाज एका सेकंदात जेवढे अंतर जातो तेवढ्याने गुणायचे. माझ्याकडे रेल्वेचे खिशातले घड्याळ होते. ते सेकंदाला पाच ठोके देई. मी ते कानाशी धरी आणि वीज चमकली की पाच ठोक्यांना एक बोट मिटी. चौदा बोटे झाली की चौदा सेकंद. तारेची अक्षरे कानाने ओळखणाऱ्याला ठोके मोजणे कठीण नव्हते. खिडकीच्या फळीवर मी दिशांच्या रेघाही कोरल्या होत्या. डोळा एका खिळ्यामागे ठेवायचा आणि वीज कोणत्या रेघेवर पडली ते बघायचे. अशी दिशा आणि अंतर, दोन्ही मी एका वहीत लिही. सोबत हवेची उष्णताही लिही, कारण व्हरांड्यात उष्णतामापक टांगलेला होता आणि वहीत एक रकाना रिकामा राहत होता.

ही वही कोणी मागितली नव्हती. स्टेशनमास्तर तर मला हसत.

"काय हो, आज इंद्राची किती टपाले आली?" ते विचारीत.

"सहा, मास्तर. एक मुंब्र्यावर, बाकी खाडीपार."

"पोच दिलीत ना सगळ्यांना? नाहीतर वरून तक्रार यायची."

मला ते आवडे. त्या स्टेशनात हुद्द्याने मी सर्वात लहान होतो, पण आकाशाचा हिशेब माझ्याकडे होता.

गुणण्याचा आकडा मी एका इंग्रजी पुस्तकातून घेतला होता. आवाज सेकंदाला एक हजार नव्वद फूट जातो. मी तो खिडकीच्या चौकटीवर चाकूने कोरून ठेवला होता.

एका वैशाखात, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, उत्तरेला ढग जमले. वारा एकाएकी गार झाला, धूळ उठली, पण पाऊस आला नाही. माजिवड्याच्या पलीकडे खाडीकाठी एक मोठी वीज उतरली. मी ठोके मोजले. सत्तर. म्हणजे चौदा सेकंद, म्हणजे पंधरा हजार दोनशे साठ फूट, तीन मैलांना थोडे कमी. मी तार सोडवली आणि वहीत लिहिले. हवेच्या रकान्यात फॅरनहाइट शहाऐंशी अंश लिहिले. वर पाहिले तर त्याच रेघेवर धूर चढत होता. काळपट, सरळ आणि संथ. पश्चिमेचे ऊन त्याच्यावर तिरपे पडले होते. तो धूर मला फार सुंदर वाटला हे मी लपवीत नाही.

ती एका गवताच्या व्यापाऱ्याची गंजी होती. त्या भागातले गवत वाळवून, रचून, खाडीतून गलबतांनी मुंबईला जाई, तिथल्या घोड्यांसाठी. ती गंजी दोन घरांएवढी उंच होती आणि रात्रीपर्यंत जळून गेली. राखण करायला जवळच्या आगरी गावातला एक माणूस होता, तिशीचा, मिठागरात वाढलेला. तो पोलिसांना म्हणाला की वीज गंजीवर पडली. पण चार दिवस आधी त्याचे आणि व्यापाऱ्याचे भांडण झाले होते. त्याने आपल्या म्हशीसाठी दोन पेंढ्या उचलल्या होत्या, व्यापाऱ्याने त्याला लोकांदेखत शिव्या दिल्या होत्या, आणि तो "बघून घेईन" असे बोलून गेला होता. ते ऐकणारे पुष्कळ होते. गंजीवर वीज पडताना पाहणारा तो एकटा. त्याच्यावर जाणूनबुजून आग लावल्याचा खटला झाला.

माझ्या वहीची गोष्ट स्टेशनमास्तरांनी गंमत म्हणून फौजदाराला सांगितली, आणि मला साक्षीला बोलावणे आले.

मोजणी खात्याच्या माणसाने नकाशा आणला होता. तारखोलीच्या खिडकीपासून माझ्या रेघेवर त्याने अंतर काढले. पंधरा हजार दोनशे साठ फूट जिथे संपत होते तिथे खाजणाचा बांध होता, आणि त्या बांधावर एक ताड होता, शेंड्यापासून खाली फाटलेला. गंजी त्याच रेघेवर, पण त्याच्यापलीकडे आठशे फुटांहून जास्त लांब होती. कोर्टात कुजबुज झाली. मला आठवते, माझ्या अंगावर शहारे आले होते. माझ्या बोटांनी मोजलेली वीज एका झाडाला जाऊन बरोबर टेकली होती.

आरोपीचे वकील वयस्कर होते, तपकीर ओढत बोलायचे.

"तारमास्तर, तुमचे कान फार तयार दिसतात."

"कामच ते आहे."

"मग सांगा, या कानांची चूक किती व्हावी?"

"एका ठोक्याची," मी म्हणालो. "दोनशे फूट. त्याहून अधिक नाही."

"आठशे फूट नाही?"

"चार ठोके मी चुकणार नाही."

"घरी मंडळींनी हाक मारली तर किती ठोक्यांनी ऐकू येते?"

लोक हसले. मीही हसलो. न्यायाधीश साहेबांनी दुभाष्याकरवी सांगितले की साक्षीदाराने आपले काम फार काळजीने केले आहे. आरोपी कठड्यात उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या खिशातून लोंबणाऱ्या घड्याळाच्या साखळीकडे पाहत होता.

निकाल तीन दिवसांनी होता. त्या संध्याकाळी मी माझ्या एका स्नेह्याकडे गेलो. ते ठाण्याच्या इंग्रजी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. मी त्यांना सगळे मोठ्या चवीने सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "हवा किती धरलीत?"

"हवा?"

"अहो, आवाज हवेतून येतो. हवा तापली की तो जलद येतो. तुमचा हजार नव्वद कसल्या हवेचा?"

मला माहीत नव्हते. त्यांनी उठून कपाटातून पुस्तक काढले, तेच, माझेच, आणि तळटीप दाखवली. हजार नव्वद हा आकडा पाणी गोठते त्या हवेचा होता, म्हणजे बत्तीस अंशांचा. त्यापुढे दर अंशाला एक फूट आणि एक दशांश वाढवायचा. तळटीप बारीक अक्षरात होती. मी पान वाचले होते, टीप नव्हती.

"ठाण्यात पाणी कधी गोठलंय?" ते हळू आवाजात म्हणाले. "हा आकडा विलायतेतल्या हिवाळ्याचा आहे, राव."

आम्ही त्यांच्या पाटीवर मांडले. शहाऐंशीतून बत्तीस गेले, चौपन्न. चौपन्न अंशांचे एकोणसाठ फूट. हजार नव्वद अधिक एकोणसाठ, अकराशे एकोणपन्नास. चौदा सेकंदांचे सोळा हजार शहाऐंशी. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. तीन मैलांच्या अलीकडची वीज तीन मैलांच्या पलीकडे गेली होती. ताड मागे राहिला होता आणि वीज गंजीवर उभी होती.

"एवढ्यावरून वीज गंजीवरच पडली असं ठाम म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "ती वाकडीतिकडी उतरते, तिचा जो भाग आपल्याला जवळ, त्याचा आवाज आधी येतो. आणि वाटेतली सगळी हवा काही तुमच्या व्हरांड्याएवढीच तापलेली नसते. पण तुम्ही शपथेवर ताड सांगितलात. तो तर नव्हे."

"मग?"

"मग काय, उद्याच जा. न्यायाधीश साहेबाला भेटा. चूक झाली म्हणा. माणूस सुटेल."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. हे मला लिहिले पाहिजे, कारण मी गेलोच नाही असे नाही. मी कोर्टाच्या आवारात गेलो आणि चिंचेखाली बसलो. उन्हाचे ठिपके धोतरावर सरकत होते. पट्टेवाले आत-बाहेर करत होते. मी मनात वाक्ये रचत होतो. साहेब, माझा आकडा थंड हवेचा होता. मग ते वकील तपकीर ओढून काय म्हणतील ते ऐकू येई. मग स्टेशनमास्तर. मग माझ्या साहेबाचा त्या सकाळीच तारेवर आलेला निरोप आठवे, त्यात कल्याणच्या मोठ्या तारखोलीत मला नेण्याची गोष्ट होती, आणि कारण म्हणून माझी साक्ष लिहिली होती. असा मी दुपार टळेपर्यंत बसलो. उष्णतेने सगळे इतके मंद झाले होते की निर्णय घ्यायला अजून पुष्कळ वेळ आहे असे वाटत राहिले. पाच वाजता आवार झाडायला माणूस आला आणि मी उठून घरी गेलो.

शिक्षकांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "सांगितलं. ते म्हणाले, एवढ्याने फरक पडत नाही."

"आश्चर्य आहे," ते एवढेच म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पुढे काही वर्षांनी ते वारले, आणि त्या चुकीची गोष्ट जाणणारा मी एकटा उरलो.

त्या माणसाला दोन वर्षांची शिक्षा झाली. मी कल्याणला गेलो. तिथेही खिडकी होती आणि वादळे येत. मी बरोबर आकडा वापरू लागलो; हवा बघायची, बत्तीस वजा करायचे, वाढ मिळवायची, मग गुणायचे. एकदाही चुकलो नाही. वीज चमकली की बोटे आपोआप मिटत, आणि चौदावे बोट मिटायच्या आत आवाज यावा, किंवा नंतर यावा, पण नेमका तेव्हा येऊ नये, असे मला वाटत राही. वीस वर्षे अशी गेली. त्या वीस वर्षांत मी त्या गावावरून एकदाही गेलो नाही. ठाण्याला काम निघाले तर मी स्टेशनातूनच परत फिरे.

नोकरी संपली, घरातली माणसे आपापल्या वाटेला लागली, बायको गेली, आणि या वर्षी पावसाळ्याआधी मी बैलगाडी केली आणि माजिवड्यावरून पुढे त्या गावी गेलो.

तो जिवंत होता. ओटीवर बसून मीठ ओढायच्या फळीला दांडा बसवत होता. केस पांढरे झाले होते. मी कोण ते सांगितले. तो लगेच म्हणाला, "वलखला. साकली दिसत नाय आता."

मी सगळे सांगितले. आकडा, तळटीप, चिंचेचे झाड, शिक्षकांना सांगितलेले खोटे. हवा तापली की आवाज जलद येतो, हे सांगताना मला वाटले त्याला ते कळणार नाही. पण तो मिठागरातला माणूस होता.

"त्यात काय," तो म्हणाला. "थंडीत पलीकडच्या काठावरची हाक वेगली लागते, उन्हात वेगली. तुमाला कोनी सांगितला नाय?"

"नाही."

"आमाला इचारायचं."

मग त्याने काम बाजूला ठेवले. "तो ताड त्याच्या आधीच्या सालीच फाटलेला. मी बोललो व्हतो तवा. पन तुमचा कागद व्हता, न् माझा तोंड."

मी विचारले, त्या दिवशी त्याने काय पाहिले.

"उजेड आला न् मी परलो. गडगड मला लागलीच नाय. आठ दिस कान बंद. तुमी तिकडं बोटं मोजत व्हते, न् मला इकडं काय पन ऐकाला नाय आला."

हे तो हसून म्हणाला. मी हसू शकलो नाही.

मी त्याला विचारले की मी काय करू. कोर्टात अर्ज करीन, वर्तमानपत्राला लिहीन. तो मान हलवत राहिला. आतून त्याची बायको आली. ती उंच, वाळलेली बाई होती. ती दारातच उभी राहून म्हणाली, "कागद नको. आमच्या चुलीचा बघा."

मला समजेना. मग तिनेच सांगितले. त्यांच्या गावात सकाळी ज्याची चूल आधी पेटेल त्याच्याकडून बाकीच्या बायका खापरात विस्तव नेतात. काड्यांची पेटी असली तरी नेतात, शेजार म्हणून. तिच्या घरून, नवरा तुरुंगात गेल्यापासून, कोणी विस्तव नेला नव्हता. गंजी जाळणाऱ्याच्या घरची आग कोण नेणार. तिने आधी वाट पाहिली. नंतर ती मुद्दाम उशिरा चूल पेटवू लागली, म्हणजे कोणी येत नाही हे दिसू नये. तिच्या सुनाही तेच शिकल्या होत्या.

"तुरुंगाचा काय नाय," तो म्हणाला. "तो संपला. ह्यो संपत नाय."

मग त्याने गावातल्या लोकांना बोलावले. संध्याकाळचे ऊन खाजणावर पिवळे पडले होते, आणि देवळापुढच्या पारावर वीस-पंचवीस माणसे जमली. बायका मागे भिंतीशी. मी उभा राहून पुन्हा सगळे सांगितले. कोर्टात मी किती सहज बोललो होतो ते मला आठवले. मी म्हणालो की मी शपथेवर जे सांगितले ते चूक होते. आणि ती चूक मला वेळेवर कळली होती. आणि मी गप्प राहिलो. वीज गंजीवर पडली असे हा माणूस म्हणाला, आणि माझ्या मोजणीत त्याच्याविरुद्ध काहीही नाही. उलट ती त्याच्याच बाजूची आहे.

मग एक म्हातारा, गावचा वडीलधारा असावा, म्हणाला, "ठीक. मग वीस सालं काय करत व्हते तुमी?"

"भीत होतो," मी म्हणालो.

"कोनाला?"

मी मनात नावे मोजली. वकिलांना, मास्तरांना, कोणालाच नाही. ते बहुतेक सगळे मरून गेले होते.

"शिकलेला मानूस," मागून कोणीतरी म्हणाले, आणि दोघेतिघे हसले. ते हसणे मला लागले नाही. लोक हळूहळू उठून गेले. त्याने मला गाडीपर्यंत पोचवले आणि वाटेत फक्त भरतीच्या वेळा सांगितल्या. पाणी चढायच्या आत रस्ता ओलांडायला हवा होता.

आश्विनात मी पुन्हा गेलो. तो मिठागराच्या बांधाला माती लावायला गेला होता. त्याची बायको अंगणात होती. तिने मला बसायला पाट दिला आणि पाणी दिले. मी विचारण्याआधी तीच बोलली.

"शेजारीन आली व्हती."

"विस्तव न्यायला?"

"नाय. मीठ मागायला." तिने सूप हातात घेतले आणि पाखडू लागली. "मिठागरवाल्याच्या घरात कोनाला मीठ कमी परतं? तरी आली. वाटीभर नेलन. बसली पन जरा."

"मग?"

"मग काय. आधी मीठ नेईल, मग कालवन नेईल, मग बघू." ती थोडा वेळ पाखडत राहिली. "तुमी हे लिवून ठेवा, मास्तर. आमी दोगं गेलो तरी गावात शालेचा मास्तर हाय, तो वाचून दावील."

म्हणून हे लिहिले. याची एक प्रत मी त्या गावच्या शाळामास्तरांकडे देणार आहे, आणि एक ठाण्याच्या कोर्टात, ते घेतील तर. आकडे वर दिले आहेत. ज्याला वाटेल त्याने ते स्वतः गुणून पाहावेत.